होडी चोरली म्हणून डोंगर मागे लागला?

तिरकस:
इंग्रज कवी वर्ड्सवर्थच्या 'प्रिल्यूड' या दीर्घ आत्मकथनपर कवितेतला होडीचोरीचा तुकडा पुन्हा वाचला. पोराने दुसऱ्याची होडी सोडली, मनात पाप होतं, अंधारात डोंगर दिसला, फाटली. संपलं. याला 'सब्लाइम', म्हणजे धाक आणि विस्मय एकदम जागवणारं उदात्त, म्हणून डोक्यावर घेऊन नाचणाऱ्यांनी कृपया सांगावं, अपराधीपणाच्या पलीकडे इथे नेमकं काय आहे?

आडवाट:
आधी पोरगं कुठे बघतंय ते बघा, मग 'संपलं' म्हणा.

वल्ही मारणारा पाठमोरा बसतो. होडी एकीकडे, डोळे दुसरीकडे. म्हणजे अल्सवॉटर तळ्याच्या काठावरून निघालेल्या या मुलाची नजर आहे ज्या काठावरून तो निघाला त्याच काठामागच्या कड्यावर. होडी सरळ जावी म्हणून त्याने त्या कड्याच्या माथ्यावर नजर रोखून ठेवलीय. त्याच्या लेखी जग तिथे संपतं, वर नुसते तारे. आणि मग त्या कड्यामागून, इतका वेळ झाकलेला, दुसरा प्रचंड डोंगर डोकं वर काढतो. मुलगा घाबरून जोरजोरात वल्ही मारतो, आणि जितका लांब पळतो तितका तो डोंगर वाढत जातो.

हे खरंच असं दिसतं. समजण्यापुरते माझे आकडे घ्या: जवळचा कडा १०० मीटर उंच, काठापासून २०० मीटर आत. मागचा डोंगर ३०० मीटर, काठापासून १००० मीटर आत. काठावर उभं राहिलं तर डोंगर पूर्ण झाकलेला. २०० मीटर पाण्यात गेलात की दोघांचे माथे एका रेषेत येतात. ४०० मीटरवर डोंगर कड्याच्या वर अडीच अंश निघालेला असतो, म्हणजे पाच पौर्णिमेचे चंद्र एकावर एक ठेवल्याइतका. पळणंच त्याला वाढवतंय. मन आणि निसर्ग यांची अशी गाठ मारलेली दुसरी जागा मला तरी इंग्रजी कवितेत आठवत नाही.

आता अपराधीपणा. तो आहेच, पण डोंगराच्या आधीपासून आहे. होडी सोडतानाच कवी सांगतो की ही चोरटी मजा होती आणि तिच्यात बेचैनी मिसळलेली होती. तरीही पोरगं खुशीत आहे, होडी हंसासारखी चाललीय, मागे चांदण्यात चमकणारी वर्तुळं उठतायत. डोंगरानंतर मनात जे उरतं त्यात मात्र होडीचा मालक नाही, शिक्षा नाही, पश्चात्ताप नाही. कित्येक दिवस डोक्यात आहे ती एक धूसर जाणीव, की असण्याचे आपल्याला ठाऊक नसलेले प्रकार आहेत. झाडं, समुद्र, आकाश, हिरवी शेतं, सगळी ओळखीची चित्रं पुसली गेलीत, आणि माणसांसारखे न जगणारे अवाढव्य आकार दिवसा मनातून सरकतायत, रात्री स्वप्नात छळतायत. चोरीची बोच असती तर स्वप्नात होडीचा मालक धनगर आला असता.

मास्तर_निवृत्त:
उत्तम. एक भर घालतो. एडमंड बर्क या विचारवंताने १७५७ मध्ये हेच मांडलं: जे भय उत्पन्न करतं ते सब्लाइम. अंधार, प्रचंडपणा, अस्पष्टता, सगळं इथे हजर आहे. तिरकस यांनी बर्क वाचावा.

तिरकस:
वाचलाय मास्तर, तुम्ही अर्धाच वाचलेला दिसतोय. धोका फार जवळ आला तर त्यात आनंद नाही, नुसतं भय, असं तोच म्हणतो. थोडं अंतर पाहिजे. या पोराला कुठे आहे अंतर? थरथरत्या हातांनी वल्ही मारतंय ते. मग बर्कच्याच हिशोबाने हे सब्लाइम नाही. आपले आभार.

कडेलोट:
मला यातलं काही कळत नाही, पण रात्रीचा कोकणकडा अनुभवलाय. ढग खाली, पुढे काही नाही. ग्रुपमधले काहीजण 'वॉव' म्हणत होते, मी पोटावर झोपून गवत घट्ट धरलं होतं. मला कुठलाही उदात्त विचार आला नाही. घरी आल्यावर मात्र चारचौघांत रंगवून सांगतो. एवढंच.

आडवाट:
कडेलोट, 'यातलं काही कळत नाही' म्हणून तुम्ही मास्तर आणि तिरकस दोघांच्या पुढे गेलात. गवत धरणारा वेगळा, घरी येऊन रंगवणारा वेगळा. कवितेतही दोघं आहेत. होडीतला शाळकरी पोरगा हॉक्सहेडच्या शाळेतला, सुट्टीत तळ्याकाठच्या पॅटरडेलला आलेला. बोलणारा माणूस २८ वर्षांचा, १७९८-९९ च्या हिवाळ्यात जर्मनीत गोस्लारला अडकलेला. पोराला फक्त धाक आहे. बर्कला हवं असलेलं सुरक्षित अंतर बोलणाऱ्याकडे आहे, आणि ते मैलांचं नाही, वर्षांचं आहे. म्हणून 'पोरगं घाबरलं, संपलं' हे अर्धच उत्तर. घाबरलं कोण आणि त्या भीतीचं मोल ठरवतंय कोण, हे वेगळं काढल्याशिवाय हा तुकडा कळायचा नाही.

खाडीकाठ:
मूळ मुद्द्यातच घोळ आहे. पाठमोरा कोण बसतो? आमच्या खाडीत लहान होडी चालवताना माणूस पुढे तोंड करून वल्हवतो, नाहीतर मागे उभा राहून. समोरची वाळूची दांडी न बघता गेलात तर होडी रुतलीच. कवीला वल्हवता येत नव्हतं किंवा तुम्ही चुकीचं समजावताय.

आडवाट:
तुमचं हातात धरायचं सुटं वल्हं. तिकडे दोन्ही बाजूंच्या काठांना अडकवलेली वल्ही दोन हातांनी ओढायची असतात. ओढायचं म्हणजे पाठ पुढे.

खाडीकाठ:
आमच्याकडेही अडकवतात. दोरीच्या कडीत. ढकलून मारतात. माझा आजा ढकलूनच मारायचा आणि जन्मभर कशावर आपटला नाही. पाठमोरं जाणं हा साहेबाचा शहाणपणा.

कडेलोट:
ढकलून जोर लागतो का पण? ओढण्यात अख्खी पाठ लागते. ऑलिम्पिकमध्येही पाठमोरेच बसतात.

खाडीकाठ:
ऑलिम्पिकवाल्यांना मासे धरायचे नसतात.

मास्तर_निवृत्त:
धागा कवितेचा आहे याची नम्र आठवण.

खाडीकाठ:
कवितेचाच मुद्दा आहे मास्तर. आजासारखा पुढे तोंड करून बसला असता तर डोंगर दिसलाच नसता आणि तुम्हाला शिकवायला काही उरलं नसतं.

आडवाट:
हे मात्र खरं बोललात, आणि तुमच्या आजाच्या कृपेने मला राहिलेला मुद्दा आठवला. पोरगं परत फिरतं तेव्हा काय होतं? होडी वळली की त्याचं तोंड मोकळ्या तळ्याकडे आणि पाठ डोंगराकडे. म्हणजे ज्याला भिऊन पळत होतं, त्याच्याच दिशेने, न बघता, त्याला जावं लागतंय. आणि काठ जवळ येतो तसा डोंगर पुन्हा कड्यामागे बुडतोय. कवी त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. नुसता दृष्टिभ्रम असता तर डोंगर बुडाल्यावर भीती उतरली असती. पण पोराने ते पाहिलंच नाही. डोंगराने शेवटचं दर्शन दिलं ते पाठलाग करताना, आणि तोच पुढे कित्येक दिवस मनात चालत राहिला.

तिरकस:
वल्ह्यांचं पुराण झालं असेल तर माझं ऐका. याच पहिल्या सर्गात, या तुकड्याच्या थोडं आधी, हाच पोरगा रात्री दुसऱ्याच्या फासात अडकलेला पक्षी पळवतो. लगेच त्याला निर्जन टेकड्यांमधून आपल्या मागे येणारे श्वास ऐकू येतात, गवतावरून जवळजवळ आवाज न करता येणारी पावलं ऐकू येतात. तिथे कुठला कडा, कुठले अंश, कुठले पाच चंद्र? चोरी केली, पाठलाग झाला. पुन्हा चोरी केली, पुन्हा पाठलाग झाला. याला मी अपराधीपणा म्हणतो, तुम्ही भूमिती म्हणा.

वाचनमात्र_आता_नाही:
या दोन्हींच्या मधे कावळ्याच्या जातीतल्या मोठ्या रेव्हनचं घरटं लुटायला पोरगं कड्यावर चढतं तो तुकडा आहे ना? बोटभर गवताला आणि निसरड्या दगडाच्या फटीला लटकलेलं, कानात वारा, आणि आकाश या पृथ्वीचं वाटत नाही. तिथेही लूटच आहे, उद्देश क्षुद्र होता हे कवी स्वतः सांगतो. पण मागे कोणी लागत नाही. मग लूट म्हणजे पाठलाग हे समीकरण टिकत नाही.

बाकी आमच्या कॉलेजात हे तिन्ही तुकडे 'निसर्ग हा गुरू' या एका वाक्यात गुंडाळले होते. पाच मार्कांचा प्रश्न. बाईंनी गाइड समोर धरून डिक्टेशन दिलं, भीती हा शब्दसुद्धा आला नाही. सौंदर्य आणि भीती या दोघांनी मला सारखंच वाढवलं असं कवी याच सर्गात म्हणतो, त्यातली भीती वगळूनच आम्ही पास झालो. याचा राग अजून गेला नाही.

तिरकस:
रेव्हनच्या घरट्याला मालक नसतो. पक्ष्याला फास लावणारा असतो, होडीला धनगर असतो. माणसाची वस्तू उचलली की पाठलाग, पाखराची उचलली की आकाश सुंदर. माझं समीकरण उलट पक्कंच केलंत, धन्यवाद.

आडवाट:
पक्ष्याचा मुद्दा जड आहे, मान्य करावाच लागेल, दात ओठ खात का होईना. पण मग हे बघा. १८०५ च्या मसुद्यात होडी धनगराची आहे. कवी १८५० मध्ये गेला आणि त्याच वर्षी कविता छापली गेली, तिच्यात नुसती 'छोटी होडी' उरलीय. धनगर गायब. उलट १८०५ मध्ये जो नुसता 'प्रचंड कडा' होता तो छापील प्रतीत 'काळा आणि प्रचंड' झालाय. चोरीचा धनी पुसट झाला, डोंगर गडद झाला. उरलेल्या आयुष्यात तो हात फिरवत कुठल्या बाजूला गेला ते उघड आहे.

तिरकस:
धनगर पुसला म्हणजे म्हाताऱ्याने पुरावा नष्ट केला, दुसरं काय! आणि १८५० मध्ये त्याने आणखी एक गोष्ट घुसडलीय ती तुम्ही सोयीस्कर विसरलात. १८०५ मध्ये डोंगर सरळ जिवंत प्राण्यासारखा पावलं टाकत मागे येतो. छापील प्रतीत त्याआधी 'मला तसं वाटलं' अशी पुस्ती आहे. तुमच्या सब्लाइमला स्वतः कवीने कंस घातला.

आडवाट:
त्या पुस्तीला जोडूनच 'स्वतःच्या हेतूने' हेही त्याने नव्याने घातलंय, ते वाचायचं राहिलं वाटतं. एका हाताने काढतो, दुसऱ्या हाताने जास्त देतो. पोराला डोंगर चालताना दिसला होता, म्हाताऱ्याने त्याला हेतू दिला आणि वर 'वाटलं' म्हणून हात झटकले. भीती पोराची, शंका म्हाताऱ्याची, दोन्ही एका वाक्यात. तुम्हाला एवढंही सब्लाइम पुरत नसेल तर इलाज नाही.

तिरकस:
हेतू म्हणजेच 'तू चोर आहेस' सांगायला येणं. दुसरा कुठला हेतू असतो डोंगराला?

वाचनमात्र_आता_नाही:
तो हेतू काय, हे कवी कुठेच सांगत नाही. तुम्ही तो पोलिसाचा करून टाकलात, आमच्या गाइडने गुरूचा.

तिरकस:
गाइडच्या रांगेत बसवलंत, यापेक्षा शिवी दिली असती तर चाललं असतं.

खाडीकाठ:
अल्सवॉटरला कोणी गेलंय का प्रत्यक्ष? तिथे भाड्याने होडी मिळते का? पुढे तोंड करून जाऊन बघतो एकदा.