मदत हवी आहे: 'मागच्या वर्षीचा आकडा अधिक 8 टक्के' ही सवय असलेल्या मॅनेजरांना शून्याधारित बजेट कसं समजावू?

जमाखर्च_ऐरोली

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात मी कॉस्टिंग बघते. एप्रिलपासूनचं बजेट यंदा शून्यापासून बांधायचं असं वरून ठरलंय आणि सहा खात्यांच्या मॅनेजरांना ते समजावायचं काम माझ्याकडे आहे.

मागच्या आठवड्यात मीटिंग घेतली. पद्धत कुठून आली, फॉर्म कसा भरायचा, सगळं नीट सांगितलं. दोन दिवसांनी फॉर्म परत आले ते असे: 'किमान गरज' या रकान्यात प्रत्येकाने चालू खर्चाच्या 95 ते 97 टक्के रक्कम लिहिलेली, 'सध्याची पातळी' म्हणजे 100 आणि 'वाढीव' म्हणजे 108. म्हणजे जुनीच शीट, फक्त तीन तुकडे केलेली. अ‍ॅडमिनचे साहेब वीस वर्षं तिथे आहेत, मनाने चांगले. मला म्हणाले, "मॅडम, आकडा कमी दाखवला की पुढच्या वर्षी तेवढाच मिळतो. हे मी शिकलोय, तुम्हीही शिकाल."

त्यांचं चूक आहे असं मला म्हणता आलं नाही. याच्या पुढे कसं जायचं?

मळा_कर्जत

ताई, झिरो बजेट आमच्याकडे चार वर्षं चालू आहे. बाहेरून काही विकत आणायचं नाही, शेणखत, जीवामृत सगळं घरचं. पहिल्या वर्षी उत्पन्न पडतं, धीर धरावा लागतो.

जमाखर्च_ऐरोली

दादा, तुमची ती झिरो बजेट शेती. आमचं वेगळं. इथे खर्च शून्य करायचा नसतो, खर्चाचं कारण पहिल्यापासून मांडायचं असतं. पण बरं झालं तुम्ही लिहिलंत, कारण आमच्या सिक्युरिटीवाल्यांचाही हाच समज झालाय की आता पैसेच मिळणार नाहीत.

कळवेकर

टक्केवारीला एवढी नावं ठेवू नका. डिझेल वाढतं, किमान वेतन वाढतं. 8 टक्के म्हणजे महागाईच की. शून्यापासून केलंत तरी शेवटी तिथेच याल.

माजी_कॉस्टवाला

कळवेकर, दर वाढतो हे खरं. पण 8 टक्के दरावर लागत नाहीत, अख्ख्या रकमेवर लागतात, आणि त्या रकमेत आज गरज नसलेली कामंही असतात. दरवर्षी 8 टक्क्यांनी नवव्या वर्षी रक्कम दुप्पट होते. काम दुप्पट झालं का, हे कोणी विचारत नाही.

जमाखर्चताई, फॉर्म तसे आले याचं कारण तुम्ही रुपये मागितलेत. रुपये मागितले की माणूस मागची शीट उघडतो. रुपयांचा रकाना झाकून ठेवा. आधी नग मागा: किती फेऱ्या, किती माणसं, किती तास. दर शेजारच्या रकान्यात, कंत्राटाच्या कागदावरून. दरवाढ फक्त त्या रकान्यात येऊ द्या. आणि सहाही खाती एकदम घेऊ नका. एका मॅनेजरचा एक खर्च घ्या आणि त्याच्या शेजारी बसून मांडा. मीटिंगमध्ये हे समजत नाही.

भीतीचं मात्र कागदाने भागणार नाही. वाचलेल्या पैशातला काही भाग त्याच खात्याच्या अडलेल्या कामाला मिळेल, हे प्लांट हेडने स्वतः तोंडाने सांगायला हवं. तुम्ही सांगून कोणी विश्वास ठेवणार नाही.

सचिव_घोडबंदर

आमच्या सोसायटीत मी हे करून पाहिलं. लिफ्टची एएमसी, पंप, माळी, सगळं नव्याने मांडलं. माळी निघाला आणि सर्वसाधारण सभेत तीन तास भांडण झालं. सिंकिंग फंडालाही हे लावायचं का?

माजी_कॉस्टवाला

सचिवसाहेब, सिंकिंग फंड उपविधींप्रमाणे ठरतो, त्याला हात लावू नका. माळी काढण्याआधी माळी नसेल तर काय होईल हे लिहिलं होतंत का? ते लिहिलेलं नसलं की भांडण होतंच.

जमाखर्च_ऐरोली

दहा दिवसांनी लिहितेय. अ‍ॅडमिनच्या साहेबांसोबत स्टाफ बसचा खर्च घेतला. चार बस, प्रत्येकी महिना 90,000, वर्षाचे 43.2 लाख. टक्केवारीने 46.66 लाख झाले असते.

रुपये बाजूला ठेवून आठवडाभर गेटवर डोकी मोजली. बस 45 सीटची. कल्याण-डोंबिवलीच्या बसमधून सरासरी 41 उतरले, ठाण्याच्या 33, नेरूळच्या 14 आणि पनवेलच्या 11. साहेब स्वतः वही घेऊन सकाळी पावणेसातला उभे होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अहो, पॅकिंग तळोज्याला गेलं ना तीन वर्षांपूर्वी. पनवेलची माणसं तिकडेच गेली." बस मात्र चालू राहिली, दरवर्षी 8 टक्के वाढत.

मग पातळ्या मांडल्या. सगळ्यात खालची: दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटते, त्यातल्या बायकांना घरी सोडणं टाळताच येत नाही. त्याला दोन छोट्या गाड्या, प्रत्येकी महिना 55,000, वर्षाला 13.2 लाख. एवढंच ठेवलं तर काय होईल, हे साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: सकाळी सातच्या पाळीची माणसं लोकलने घणसोली-कोपरखैरणेला उतरून रिक्षाच्या रांगेत अडकतील आणि लाइन उशिरा सुरू होईल. पुढची पातळी आणखी 19.2 लाखांची: छोट्या गाड्यांऐवजी तीन बस, रात्रीची फेरी त्यांच्यातच, पनवेलची बस बेलापूर-नेरूळवरून. तिच्यात 25 माणसं होतात. पनवेलवाल्यांना साधारण 15 मिनिटं लवकर निघावं लागेल. तिसरी पातळी म्हणजे चौथी बस, आणखी 10.8 लाख. ती नसेल तर काय होईल, या रकान्यात साहेबांना काही लिहिता आलं नाही. त्या पातळीवर त्यांनी सहीच केली नाही.

प्लांट हेडने त्यातून कॅन्टीनचं गळकं छप्पर मंजूर केलं. ते साहेब चार वर्षं मागत होते. आता सिक्युरिटीवाले स्वतःहून म्हणालेत की आमचं पुढे घ्या.

कळवेकर

हे पटलं. मग आता दरवर्षी सगळ्या खात्यांना हेच करा.

माजी_कॉस्टवाला

दरवर्षी नको. दुसऱ्या वर्षी लोक पहिल्या वर्षीचा फॉर्म कॉपी करतात आणि आपण परत तिथेच. दर वर्षी दोन खाती घ्या, तीन वर्षांत सगळी होतात. कच्चा माल आणि उत्पादनाची वीज यात आणूच नका, ती उत्पादनाबरोबर हलते. आणि एका गोष्टीवर लक्ष ठेवा: कोणी अत्यावश्यक काम मुद्दाम यादीच्या तळाशी टाकलं, तर ते कापता येणार नाही हे त्याला माहीत असतं. त्याच्या वर काय सरकवलंय ते बघा.

मेंटेनन्स_रबाळे

आमच्या खात्याला हे जुळत नाही, मनापासून सांगतो. कंप्रेसरची ठरलेली सर्व्हिस यंदा कापली तर यंदा काहीच होत नाही. 'हे केलं नाही तर काय होईल' या रकान्यात मी खरं लिहिलं तर 'यंदा काही नाही' असंच लिहावं लागेल. कंप्रेसर बसतो दोन वर्षांनी.

माजी_कॉस्टवाला

तो रकाना तीन वर्षांचा करा आणि मागची जॉब कार्डं जोडा. अचानक बिघाडाची रक्कम खात्यात न ठेवता प्लांट हेडकडे वेगळी ठेवा.

मेंटेनन्स_रबाळे

जॉब कार्डं झालेला बिघाड दाखवतात. सर्व्हिसमुळे टळलेला बिघाड कुठल्या कार्डावर असतो?

जमाखर्च_ऐरोली

आमचे मेंटेनन्सचे मॅनेजर अगदी हेच म्हणाले. माझ्याकडे अजून उत्तर नाही. त्यांची सर्व्हिस यंदा आहे तशी ठेवली आहे, तासांसकट. सोमवारी सिक्युरिटी घेतेय: पाच पोस्ट, तीन पाळ्या, आणि मागच्या गेटवर रात्री गाडीच येत नाही असं रजिस्टर सांगतंय. यातलं कोणी केलं असेल तर लिहा, पोस्ट मोजताना काय निसटतं?