बारा महिन्यांचा परतावा उणे झाला की इंडेक्स फंड विकायचा: हा नियम पाळावा का?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
निफ्टी 50 आणि नेक्स्ट 50 असे दोनच इंडेक्स फंड आहेत माझ्याकडे. दर महिनाअखेरीस मागच्या बारा महिन्यांचा परतावा बघायचा, उणे दिसला की पैसे लिक्विड फंडात, वर आला की परत आत, असं डोक्यात आहे. 2008 सारखी पडझड यानं चुकेल ना?

जुळे सोलापूरकर
चुकते की. 2008 चंच घ्या. जूनअखेर निफ्टी 4,040 वर, वर्षापूर्वीपेक्षा खाली. नियम म्हणाला विका. ऑक्टोबरात तो 2,524 पर्यंत घसरला, तेव्हा विकणारा बाहेर बसला होता. जून 2009 अखेर 4,291 वर परत आत. सहा टक्के चढ्या भावानं घेतलं खरं, पण वर्षभराचं व्याज त्याच्या आसपास सुटलंच. पैशाचा फायदा म्हणाल तर विशेष नाही. पण मधली घसरण अंगावर आली नाही, आणि तेवढ्यासाठीच तर हे करायचं.

हुरडाप्रेमी
एवढा खटाटोप कशाला? सरळ मोमेंटम 30 चा फंड घ्या, तो आतल्या आत हेच करतो.

जुळे सोलापूरकर
हे नाही करत. तो दोनशे शेअरमधले जोरात चाललेले तीस निवडतो. सगळेच पडत असले तरी कमी पडणारे तीस घेऊन बाजारातच राहतो. रोख होणं त्याच्या नियमात नाही.

मास्तर, निवृत्त
2008 ची मंदी रांगत आली म्हणून नियमाला वेळ मिळाला. 2020 काढा. फेब्रुवारीअखेर निफ्टी 11,202, वर्षाचा परतावा अजून शून्याच्या वर, म्हणजे नियम म्हणतो बसून राहा. मार्चअखेर 8,598. आता म्हणतो विका! सगळा मार खाऊन झाल्यावर.

खरी गंमत पुढे आहे. ऑगस्टअखेर 11,388 वर परतावा अधिक झाला, घ्या. सप्टेंबरअखेर 11,248 वर पुन्हा उणे, विका. त्या महिन्यात निफ्टी जेमतेम सव्वा टक्का उतरला होता, मग संकेत का फिरला? कारण सप्टेंबर 2019 मध्ये कंपनी कर कमी झाला आणि बाजारानं उडी मारली होती. वर्षापूर्वीचा पाया उंच झाला, म्हणून आजचा परतावा उणे. शेवटी नोव्हेंबरअखेर 12,969 वर आत. मार्चात ज्यानं 100 युनिट विकले, त्याच्या हातात व्याज सोडलं तर 65 च उरले.

जुळे सोलापूरकर
मास्तर, तुम्ही पेपरातला निफ्टी धरलाय, त्यात लाभांश नसतो. ग्रोथ प्लॅनची एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव लावा, त्यात लाभांश धरलेला असतो. जुलै 2020 ला नुसता निफ्टी वर्षापूर्वीपेक्षा अर्ध्या टक्क्याहून कमी खाली होता. लाभांश धरला की तोच परतावा अधिक होतो, म्हणजे खरेदी एक महिना आधी, 11,073 ला.

मास्तर, निवृत्त
मान्य. पण सप्टेंबरचं विकणं त्यानं टळत नाही. आणि अर्ध्या टक्क्यावर निर्णय फिरत असेल तर महिनाअखेर शुक्रवारी आली की सोमवारी, यावरही माणसाचं नशीब ठरणार.

चाटी गल्ली
माझी एसआयपी आहे. मग मी दर महिन्याला विकायचं का? आणि टॅक्स?

जुळे सोलापूरकर
दर महिन्याला फक्त बघायचं. विकायची पाळी क्वचित येते. कराचं म्हणाल तर वर्षाच्या आतल्या युनिटच्या नफ्यावर 20 टक्के. वर्षावरच्या नफ्यावर 12.5, तोही आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखानंतर. परत आत आलात की वर्ष नव्यानं मोजायचं. लिक्विड फंडाचा नफा तुमच्या स्लॅबप्रमाणे. नशिबाचा भाग कमी करायला पैशाचे चार भाग करा, दर आठवड्याला एकेक तपासा. मी तसंच करतो.

मास्तर, निवृत्त
चार भागांनी तारखेचा दोष जाईल. पण निफ्टी 50 आणि नेक्स्ट 50 पडतात तर बरोबरच. मोस्कोविट्झ, उई आणि पेडरसन यांचा 2012 चा अभ्यास, ज्याच्या जोरावर हे सगळं सांगतात, त्यात 58 वायदे होते: चलनं, रोखे, धान्य, धातू, शेअर निर्देशांक. शिवाय पडत्या बाजारात तिथला नियम आधी विकून, मग स्वस्तात घेऊन कमावतही होता, नुसता बाजूला बसत नव्हता. एक पडलं तर दुसरं सावरतं, कमाई तिथली. दोन देशी फंडांवर तो निकाल कसा लावता?

जुळे सोलापूरकर
म्हणून तर माझ्याकडे सोन्याचा फंडही आहे.

हुरडाप्रेमी
मग अमेरिकेचा इंडेक्सही घ्या की.

मास्तर, निवृत्त
तिथं वेगळीच अडचण. परदेशी गुंतवणुकीची मर्यादा भरली म्हणून फेब्रुवारी 2022 पासून बऱ्याच फंडांनी नवे पैसे घेणं बंद केलं, नंतर कधी उघडलं, कधी मिटलं. नियमानं विकाल हो, पण घ्यायचा संकेत येईल तेव्हा दार उघडं असेल का?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
माझा मुद्दा राहिलाच. यातले निम्मे पैसे दोन वर्षांनी नव्या मागांसाठी लागणार आहेत. म्हणून तर नियम हवा होता.

मास्तर, निवृत्त
अहो, हे आधी सांगायचं! ते निम्मे आजच काढा. मार्च 2020 सारखा महिना आला तर हा नियम तुम्हाला 11,202 ला नाही, 8,598 लाच सोडवणार.

जुळे सोलापूरकर
त्या निम्म्यांबद्दल मास्तरांशी सहमत. उरलेल्यांवर मी नियमच लावीन.