मदत हवी आहे: अप्पांच्या सीटी रिपोर्टमध्ये एम्फायझिमा आणि ब्रॉन्किएक्टेसिस दोन्ही लिहिलंय

अबोली_सिडको

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला राहतो. वडील (अप्पा) ६६ वर्षांचे आहेत, सातपूरला कारखान्यात होते. तरुणपणापासून बिडी ओढायचे, निवृत्तीनंतर सोडली. हल्ली जिना चढताना धाप लागते आणि रोज सकाळी बराच वेळ खोकून बेडके पडतात. मध्यंतरी ताप येऊन कफ हिरवा झाला, तेव्हा तापातच एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, काढला.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी आहेत. दोन्ही वरच्या लोबमध्ये, म्हणजे फुफ्फुसाच्या वरच्या भागांत, सेंट्रिलोब्युलर एम्फायझिमा आणि फुफ्फुसं जास्त फुगलेली. उजव्या वरच्या लोबमध्ये फायब्रोसिस आणि ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टेसिस. दोन्ही खालच्या लोबमध्ये सौम्य सिलिंड्रिकल ब्रॉन्किएक्टेसिस.

डॉक्टरांनी "बिडीमुळे फुफ्फुसं फुगलीत" एवढंच सांगून पंप लिहून दिले. दुसऱ्या शब्दाबद्दल विचारलं तर "ते त्यातलंच" म्हणाले. हे खरंच एकच आहे का? सीडी घरी आहे, ती बघून आपल्याला काही कळेल का?

पंचवटीकर

ताई, दोन्ही सीओपीडीच, म्हणजे श्वास अडवणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. बिडीने नळ्याही जातात आणि फुगेही जातात. माझ्या मेव्हण्यांना हेच होतं. त्यांना अझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीनदा सुरू केलं आणि सारखं ॲडमिट व्हायचं थांबलं. तुम्हीही डॉक्टरांना सांगून लगेच सुरू करा.

द्राक्षबागायतदार

आमच्याकडे पिंपळगावला छाटणीनंतर फवारण्या चालू झाल्या की धाकट्याची छाती भरते. ॲलर्जीची टेस्ट केली, पंप दिला, आता ठणठणीत आहे. तुम्हीही आधी ॲलर्जी बघून घ्या.

अबोली_सिडको

दादा, धाकट्याला बरं वाटतंय हे वाचून छान वाटलं. अप्पांना शिंका, खाज, ऋतूप्रमाणे त्रास असं काहीच नाही हो.

निवृत्त_रेडिओलॉजिस्ट

अबोलीताई, हे एक नाही. एम्फायझिमा म्हणजे फुगलेली फुफ्फुसं, त्यात हवेच्या बारीक पिशव्यांच्या मधल्या भिंती झिजून गेल्या, हवा आत अडकून राहते. ब्रॉन्किएक्टेसिस म्हणजे रुंद नळ्या, त्यात श्वासनळीची भिंत दुखावून ती कायमची सैल होते आणि कफ तिथेच साचतो. एकाच माणसात दोन्ही असू शकतं, आणि तसं असेल तर उपचाराला दोन बाजू लागतात.

सीडी उघडा, लंग विंडोवर, म्हणजे फुफ्फुसं नीट दिसणाऱ्या सेटिंगवर, ठेवा आणि वरच्या भागातलं एखादं काळं भोक निवडा. त्याला पांढरी कडा आहे का बघा. एम्फायझिमाच्या भोकाला सहसा कडा नसते, आणि पुष्कळदा भोकाच्या आत एक पांढरा ठिपका दिसतो. ती बारीक धमनी असते. आजूबाजूचं सगळं झिजलं, ती मागे उरली. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये भोकाला स्वतःची कडा असते आणि ठिपका बाहेरून चिकटलेला असतो, खड्याच्या अंगठीसारखा. मग माउस फिरवत पुढच्या स्लाइस बघा. नळी असेल तर भोक पुढे सरकत जातं, त्याला फांद्या फुटतात. एम्फायझिमाचं भोक तिथल्या तिथे विरून जातं.

निदान मात्र यावरून करू नका. मोठ्या बुलाला, म्हणजे एम्फायझिमातल्या हवेच्या मोठ्या फुग्याला, पातळ कडा असते, आणि न्यूमोनियाचं पाणी एम्फायझिमाभोवती साचलं तर भोकांना खोट्या भिंती दिसतात. तिथे भलेभले चुकतात.

आता मला एक सांगा, अप्पांना पूर्वी टीबी झाला होता का?

अबोली_सिडको

हो! १९८७ साली झाला होता, औषधांचा कोर्स पूर्ण केला होता. हे कोणी विचारलंच नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?

निवृत्त_रेडिओलॉजिस्ट

"ट्रॅक्शन" या शब्दावरून. तिथली नळी जुन्या व्रणाने ओढून रुंद केलेली आहे. उजव्या वरच्या भागात एका जागी असं दिसलं की आपल्याकडे पहिला संशय जुन्या टीबीचाच. भारतातल्या ब्रॉन्किएक्टेसिसच्या रुग्णनोंदणीतही टीबी हेच सर्वात मोठं कारण निघालं आहे. म्हणजे एम्फायझिमा बिडीचा आणि ही नळी बहुधा टीबीची.

खालच्या लोबमधल्या "सौम्य" बद्दल मी थोडा साशंक आहे. नळी रुंद आहे हे शेजारच्या धमनीशी तुलना करून ठरवतात, नळी मोठी दिसली की रुंद. पण एम्फायझिमात धमन्याच बारीक होतात आणि वयाबरोबरही हे प्रमाण बदलतं. नळी होती तेवढीच राहते आणि अंगठी मात्र मोठी दिसते. त्यात स्कॅन तापात काढलाय. न्यूमोनियात नळ्या काही काळ रुंद होतात आणि नंतर पूर्ववत होऊ शकतात. म्हणून रेडिओलॉजिस्टना दोन गोष्टी विचारा. नळी पुढे निमुळती होतेय का? आणि फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणापासून एक सेंटीमीटरच्या आत ती दिसतेय का? निरोगी नळी तिथे दिसत नाही.

पंचवटीकर, अझिथ्रोमायसिनचा उपयोग होतो हे खरं, वारंवार बिघडणाऱ्यांना ते देतातही. पण "लगेच" नको. आधी थुंकीची टीबीसाठी आणि टीबीसारख्या इतर जंतूंसाठी तपासणी हवी. त्या इतर जंतूंचा संसर्ग असताना हे एकटंच औषध दिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. शिवाय ईसीजी आणि ऐकू येण्याचीही चौकशी करतात.

पंचवटीकर

मेव्हण्यांची थुंकी तीन-चार वेळा नेली होती खरी, ती यासाठी होती हे आत्ता कळतंय. पण बिडीने नळ्या रुंद होत नाहीत असं म्हणताय का?

निवृत्त_रेडिओलॉजिस्ट

बिडीने नळ्यांची भिंत जाड होते, कफ वाढतो हे नक्की. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांच्या सीटीत रुंद नळ्याही दिसतात. त्या धुराने झाल्या की वारंवारच्या संसर्गाने, यावर एकमत नाही.

छातीची_फिजिओ

नाशिकरोडला काम करते. अबोलीताई, नळ्यांत साचलेला कफ पंपाने निघत नाही, तो रोज काढावा लागतो. आधी शांत श्वास, मग छाती फुगवून खोल श्वास आणि क्षणभर थांबणं, मग तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ धरतो तसा "हाः" करून जोरात उच्छ्वास. जवळ बसून शिकायची गोष्ट आहे. डोकं खाली करून पाठ थोपटू नका, एम्फायझिमावाल्यांना त्यात धाप वाढते.

आणि अप्पांच्या दोन्ही तर्जन्यांची नखं एकमेकांना टेकवून बघा. मध्ये बारीक चौकोनी फट दिसायला हवी. फट नसेल तर त्याचा दोष एम्फायझिमाला देऊ नका, डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. इतकी वर्षं बिडी ओढलेल्या माणसात कॅन्सर नाही ना हे बघावंच लागतं.

अबोली_सिडको

अपडेट देते. फट दिसते, थोडी कमी वाटते, डॉक्टरांना दाखवणार आहे. वरच्या भोकात ठिपका आत दिसला! उजवीकडे एक नळी कडेसकट पुढे जाताना दिसली. फुंकायच्या टेस्टमध्ये पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचं एकूण हवेशी गुणोत्तर ०.५४ आणि डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता, ४३ टक्के आलं. थुंकीत टीबी नाही, दुसऱ्या जंतूंचं कल्चर अजून यायचंय.

निवृत्त_रेडिओलॉजिस्ट

डीएलसीओ एवढं कमी म्हणजे धापेचा मोठा वाटा एम्फायझिमाचा दिसतो. नुसत्या रुंद नळ्यांमध्ये ते सहसा इतकं खाली येत नाही. सकाळच्या बेडक्यांचं मात्र असं ठरवता येणार नाही, ते नळ्यांतूनही येत असतील आणि बिडीच्या जुन्या ब्रॉन्कायटिसचेही असतील. खालच्या लोबचा निकाल ताप जाऊन काही महिने झाल्यावरच्या स्कॅनवर सोडा. पंपात स्टिरॉइड आहे का, आणि असेल तर का, हेही विचारा. फुफ्फुसाचे संसर्ग होणाऱ्या माणसात ते विनाकारण नको.

अबोली_सिडको

आहे, पंपावर नाव दिसतंय. शुक्रवारी विचारते. फिजिओताई, सिडकोत घरी येऊन शिकवणारं कोणी असेल तर व्यनि कराल का? अप्पांना बसमध्ये चढणंही जड जातंय.

छातीची_फिजिओ

व्यनि केलाय. पहिल्या दिवशी सीटीचा रिपोर्ट हाताशी ठेवा, कोणत्या कुशीवर झोपवायचं ते उजव्या वरच्या लोबवरून ठरेल.