प्रतिसाद : सामाजिक अंकेक्षणात रोजगार हमीच्या शेततळ्याची खोली कशी पडताळायची?

> नोंदीत खोली ३ मीटर, आम्हाला भरली २. अहवालात थेट अपहार लिहायचा का?

थांबा, आधी गाळ बघा. एक-दोन पावसाळे झाले असतील तर तळाशी गाळ साचणारच. मधोमध आणि कोपऱ्यांजवळ खड्डे घेऊन मूळ मुरूम लागेपर्यंत खणा आणि तिथून मोजा.

आमच्या तालुक्यात असंच एक तळं होतं. मोजमाप पुस्तिकेत १५ × १५ × ३ मीटर, बाजूंचा उतार १:१, म्हणजे ४४१ घनमीटर. खणलं तर वीतभरही गाळ नव्हता, खाली अख्खा मुरूम. २ मीटरला खोदाई भरते साधारण ३४१. शंभर घनमीटर माती फक्त कागदावर उचललेली!

मग त्याच कामाचे हजेरीपट घेऊन घरोघर गेलो. ऊसतोडीला गेलेल्या दोघांची त्याच आठवड्यांत हजेरी लागलेली. पैसे त्यांच्याच खात्यात आले होते, म्हणून नुसतं पासबुक बघून काही कळलं नसतं. माणूस त्या दिवसांत कुठे होता, हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना वेगवेगळं विचारावं लागतं. हे फार महत्त्वाचं आहे.

अहवालात 'अपहार' लिहू नका. नोंद, प्रत्यक्ष माप, फरक आणि जबाब लिहा, मोजताना मजुरांना उभं करा आणि ग्रामसभेत तेच वाचा.