प्रिसिजन आणि ॲक्युरसी: दोन्हींना ‘अचूकता’च म्हणायचं का?

रंकाळाकाठ
राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये मी बायोकेमिस्ट्रीचं काम बघतो. नव्या मुलांसाठी मेथड व्हॅलिडेशनची टिपणं मराठीत लिहायला घेतली आहेत. नवं किट किंवा नवं मशीन आलं की पेशंटचे नमुने लावण्याआधी ते नीट मोजतं का, हे आपल्याच टेबलावर तपासून बघायचं, हा त्याचा साधा अर्थ. अडचण पहिल्याच पानावर आली. मुलं प्रिसिजनलाही ‘अचूकता’ लिहितात आणि ॲक्युरसीलाही. मग कामातही तसंच होतं. कंट्रोल, म्हणजे किंमत माहीत असलेला नमुना, पाच वेळा लावला, पाचही वेळा जवळपास तोच आकडा आला, की ‘मेथड बरोबर आहे’ म्हणून मोकळी होतात. हे थांबवायचंय. वेगळे शब्द सुचवा. लिनिअ‍ॅरिटी आणि लिमिट ऑफ डिटेक्शनसाठीही हवेत.

शाहूपुरीकर
मी शाळेत विज्ञान शिकवत असे. प्रिसिजनला ‘काटेकोरपणा’ आणि ॲक्युरसीला ‘अचूकता’ असे आम्ही सांगायचो. पुन्हा पुन्हा मोजून आकडे एकमेकांजवळ आले की काटेकोरपणा. त्यांची सरासरी खऱ्या किमतीजवळ आली की अचूकता. म्हणून मोजमाप अनेकदा करावे आणि सरासरी घ्यावी, म्हणजे अचूकता आपोआप साधते.

सिरम
सर, शब्द दोन्ही चांगले आहेत. पण सरासरीचा मुद्दा लॅबमध्ये टिकत नाही. ग्लुकोजचं उदाहरण घेऊ. कंट्रोलची नेमून दिलेली किंमत १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे असं धरा.

पहिल्या मशीनवर पाच वेळा आलं: १०८, १०९, १०८, १०७, १०८. सरासरी १०८, फैलाव, म्हणजे सीव्ही, जेमतेम ०.७ टक्के. देखणे आकडे, पण सगळेच आठने जास्त. इथे शंभर वेळा मोजून सरासरी काढलीत तरी ती १०८ च्या आसपासच राहणार. कल, म्हणजे बायस, सरासरीने जात नाही.

दुसऱ्या मशीनवर आलं: ९४, १०५, १०१, ९७, १०३. सरासरी बरोबर १००. तुमच्या व्याख्येनं हे मशीन अचूक ठरतं. पण फैलाव साडेचार टक्के आहे आणि पेशंटचा नमुना आपण एकदाच लावतो. त्याच्या हातात सरासरी पडत नाही, पाचातला कुठला तरी एक आकडा पडतो.

म्हणूनच १९९४ च्या आयएसओ ५७२५ मध्ये ॲक्युरसी हा शब्द दोन्ही गोष्टी मिळून वापरला आहे. सरासरी खऱ्या किमतीजवळ असणं याला तिथे ट्रूनेस असा वेगळा शब्द आहे. माझी सूचना अशी: ट्रूनेसला ‘खरेपणा’, प्रिसिजनला ‘काटेकोरपणा’, आणि एकट्या रिपोर्टमध्ये दोन्ही असतील तर ‘अचूकता’.

शिरोळकर
मला एक सांगा, घरच्या मशीनवर माझी साखर १४२ आली आणि त्याच सकाळी लॅबात १३१. मग अचूक कोण? आणि तुमचं ते पहिलं मशीन म्हणजे काटा मारल्यालंच की. आमच्याकडं ऊस वजनाला गेला आणि काटा मारलेला असला की प्रत्येक ट्रॉलीला तेवढंच वजन कमी भरतं. पुन्हा पुन्हा चढवून काय उपयोग?

सिरम
दादा, काट्याचं तुम्ही अगदी बरोबर धरलंत. तो काटा काटेकोर आहे, खरा नाही. दुसरं प्रमाणित वजन ठेवल्याशिवाय ते कळत नाही, तसंच लॅबमध्येही किंमत माहीत असलेला नमुना लावल्याशिवाय कल कळत नाही.

तुमच्या साखरेचं उत्तर वेगळं आहे, तो व्हॅलिडेशनचा प्रश्न नाही. घरच्या ग्लुकोमीटरला आयएसओ १५१९७ प्रमाणे १०० च्या वरच्या साखरेत लॅबच्या आकड्यापासून १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा आहे. १३१ ला ती साधारण १११ ते १५१ होते. तुमचे १४२ त्यात बसतात. शिवाय रक्त फ्लोराइड नसलेल्या साध्या नळीत तसंच राहिलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. गडहिंग्लजहून नमुना कोल्हापूरला येईपर्यंत केवढा फरक पडेल ते बघा. मशीन कितीही खरं असलं तरी तो फरक ते भरून काढू शकत नाही.

रंकाळाकाठ
मॅडम, पहिल्या मशीनच्या ८ टक्क्यांचं मुलांना महत्त्व पटत नाही. ‘आठच तर आहे’ म्हणतात.

सिरम
त्यांना उपाशीपोटी ११८ साखर असलेला माणूस दाखवा. तो मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, पण मधुमेही नाही, कारण रेघ १२६ ला आहे. आठ टक्के जास्त मोजलं की त्याचा रिपोर्ट १२७ येतो. रेघ ओलांडली.

आणि कल कुठून आला हेही शोधता येतं. त्यासाठी एकच पातळी पुरत नाही. १०० चा कंट्रोल १०८ आणि ३०० चा ३२४ आला, तर चूक प्रमाणात वाढते आहे. मग कॅलिब्रेशनकडे बघायचं. लॉट बदलला आणि सेमी-ऑटोमध्ये जुनाच फॅक्टर राहिला, किंवा उघड्या राहिलेल्या स्टँडर्डमध्ये जंतू वाढून त्यातलं ग्लुकोज कमी झालं, ही नेहमीची कारणं. स्टँडर्ड कमी भरलं की पेशंट जास्त दिसतात. पण ३०० चा ३०८ च आला, तर सगळ्यांना सारखेच आठ मिळत आहेत. मग ब्लँक आणि रिएजंट तपासायचे.

कागलचा डीएमएलटी
काटेकोरपणासाठी आम्ही एकाच दिवशी वीस वेळा लावतो. सीव्ही एकच्या आत येतो. चालतं ना?

सिरम
एका दिवसाचा काटेकोरपणा नेहमी चांगलाच दिसतो. तोच हात, तीच पिपेट, तीच कंट्रोलची बाटली. खरा फैलाव दिवस बदलले की दिसतो: पावडर कंट्रोलमध्ये पाणी कुणी किती घातलं, ३७ अंशाचा ब्लॉक खरंच ३७ ला आहे का, वीज जाऊन आल्यावर दिवा किती वेळ तापला. म्हणून पडताळणीला पाच दिवस, रोज पाच वेळा अशी पद्धत घेतात. मग एकाच वेळचा फैलाव आणि दिवसागणिक फैलाव वेगळा काढता येतो. किटच्या कागदावरच्या दाव्याशी दोन्ही ताडून बघायचे.

रंकाळाकाठ
लिनिअ‍ॅरिटीला ‘रेषीयता’ लिहिलंय. आम्ही जास्त साखरेचा आणि कमी साखरेचा सिरम चार-शून्य, तीन-एक असा मिसळून पाच पातळ्या केल्या. जास्तीचा ६४० होता. तो सलाइनने निम्मा करून मोजला तेव्हा ३२० आला होता, त्यावरून धरला. अपेक्षित आकडे ४०, १९०, ३४०, ४९०, ६४०. आले ४१, १९२, ३३८, ४८६, ५७१. किटवर ५०० पर्यंतचा दावा आहे.

कागलचा डीएमएलटी
मी आत्ता एक्सेलमध्ये टाकून बघितलं, r = 0.996 येतो. म्हणजे ६४० पर्यंत सरळ आहे की.

सिरम
इथेच फसायला होतं. आर-चा आकडा इतक्या लांब पट्ट्यात नेहमीच एकच्या जवळ जातो. वरची पातळी बघा: ६४० च्या जागी ५७१, म्हणजे जवळपास ११ टक्के कमी. बाकीच्या चारही अडीच टक्क्यांच्या आत आहेत. जीओडी-पीओडी अभिक्रियेत ग्लुकोज फार झालं की रंग देणारं द्रव्य संपत येतं, आणि रंग वाढायचा थांबतो. आलेख वर जाऊन वाकतो. आर ते सांगत नाही. प्रत्येक पातळीचा अपेक्षेपासूनचा फरक लिहिला की लगेच दिसतं.

तुमच्या आकड्यांवरून ४९० पर्यंत विश्वास ठेवता येतो, त्यापुढे नाही. ४९० च्या वर आलेला नमुना सलाइनने निम्मा करून लावायचा आणि दुप्पट करायचा. कीटोॲसिडोसिसमधला पेशंट असेल तर ५७१ आणि ६४० यांत फरक पडतो, आणि उपचाराने साखर उतरते आहे की नाही हे बघताना तर जास्तच पडतो.

शाहूपुरीकर
पण ती ६४० ही किंमत तुम्ही त्याच पद्धतीने, पातळ करूनच काढलीत. मग स्वतःच्याच काट्याने स्वतःचा काटा तपासल्यासारखे होत नाही का?

सिरम
सर, आक्षेप बरोबर आहे. रेषीयतेपुरतं ते चालतं, कारण ३२० हा आकडा विश्वासाच्या पट्ट्यातला आहे आणि इथे फक्त सरळपणा तपासायचा आहे. पण सगळेच आठ टक्के जास्त असते तर ही चाचणी तरीही पास झाली असती. म्हणून खरेपणा बाहेरच्या नमुन्यानेच तपासायचा. पेशंटचे नमुने दुसऱ्या चांगल्या लॅबशी ताडून बघा, आणि वेल्लोरच्या सीएमसीसारख्या बाह्य गुणवत्ता योजनेत भाग घ्या. तिथेही तुलना बहुतेक वेळा त्याच पद्धतीच्या लॅबच्या सरासरीशी असते. तीच खरी किंमत मानायची का, यावर आमच्या लोकांत अजूनही एकमत नाही.

रंकाळाकाठ
लिमिट ऑफ डिटेक्शनला ‘शोधमर्यादा’?

शाहूपुरीकर
‘किमान मोजमर्यादा’ जास्त सोपे वाटते.

सिरम
मोजमर्यादा नको, कारण ओळखणं आणि मोजणं या दोन पायऱ्या आहेत. आधी ग्लुकोज नसलेला ब्लँक अनेकदा लावायचा. तोही शून्य येत नाही, थोडा हलतो. समजा सरासरी १ आणि प्रमाण विचलन १. त्यात विचलनाच्या १.६४५ पट मिळवले की २.६ झाले. ही ब्लँकची वरची मर्यादा, यापेक्षा जास्त आकडा ब्लँकपासून क्वचितच येतो. मग अगदी कमी साखरेचा नमुना अनेकदा लावायचा. त्याचं विचलन १.५ असेल तर त्याच्या १.६४५ पट आणखी मिळवायचे. साधारण ५.१ येतं. इतकं ग्लुकोज असेल तर मशीनला ‘काहीतरी आहे’ हे बहुतेक वेळा कळेल. पण ‘किती आहे’ हे विश्वासाने सांगायला आणखी वर जावं लागतं. मोजमर्यादा ती.

रक्तातल्या साखरेत याचा फारसा उपयोग नाही, धोक्याची कमी साखरही ४० च्या आसपास असते. मेंदूच्या पाण्यातली साखर मात्र जंतुसंसर्गात फार खाली जाऊ शकते. आणि प्रोस्टेट काढलेल्या पेशंटच्या पीएसएमध्ये तर सगळा निर्णय तळाच्या आकड्यांवरच असतो. मर्यादेखाली आलं तर रिपोर्टवर ‘० आहे’ असं लिहू नका, ‘इतक्यापेक्षा कमी’ लिहा.

रंकाळाकाठ
‘शोधमर्यादा’ आणि ‘मोजमर्यादा’ दोन्ही घेतो. ‘व्हॅलिडेशन’ला मात्र शब्द ठरत नाही. ‘प्रमाणीकरण’ लिहिलं तर मुलांना एनएबीएलचं प्रमाणपत्र वाटतं.

सिरम
तुम्ही जे करताय ते मुळात पडताळणी आहे. किट बनवणाऱ्यानं व्हॅलिडेशन केलेलं असतं, त्याचे दावे आपल्याकडे खरे ठरतात का एवढंच आपण बघतो. आयएसओ १५१८९ मध्येही दोन्ही वेगळे आहेत. नमुन्याचं प्रमाण निम्मं केलंत, किंवा सिरमचं किट दुसऱ्या द्रवासाठी वापरलंत, की मग जबाबदारी तुमची, आणि तेव्हा पूर्ण व्हॅलिडेशन. त्या शब्दाला मलाही चांगला पर्याय सुचलेला नाही.

कागलचा डीएमएलटी
लॉट बदलला की हे सगळं परत?

सिरम
सगळं नाही. जुन्या आणि नव्या लॉटवर कंट्रोल लावा, आणि पेशंटचे कमी, मध्यम, जास्त असे काही नमुने शेजारीशेजारी लावून बघा. फक्त कंट्रोलवर भागवू नका. कंट्रोल पेशंटच्या सिरमसारखा तंतोतंत वागत नाही, त्यामुळे कधी कंट्रोल सरकतो आणि पेशंट तिथेच राहतात, कधी उलटं होतं.