शाळेसमोरच्या झेब्रा क्रॉसिंगजवळ घोषवाक्य : तुमचा अनुभव काय?

मांजलपूरची आई
आमच्या मुलांच्या शाळेसमोर दुभाजकाचा रस्ता आहे, प्रत्येक बाजूला दोन पदर. पालकसभेत ठरलंय की झेब्रा क्रॉसिंगजवळ घोषवाक्यं लावायची. रक्त, कवटी, हार घातलेला फोटो असलं काही नको, यावर सगळ्यांचं एकमत आहे, कारण तो फलक पहिलीतली मुलंही रोज बघणार. वडोदऱ्यात कुणी असं केलं असेल तर काय लिहिलंत, कुठे लावलंत आणि गाड्या खरंच हळू झाल्या का, ते सविस्तर सांगा.

चित्रकला शिक्षिका, कारेलीबाग
आम्ही केलंय. मुलांकडून वाक्यं मागवली तेव्हा चार-चार ओळींच्या कविता आल्या. गोड होत्या, पण स्कूटरवरून जाणारा माणूस त्या वाचणार कधी? शेवटी सहावीतल्या एका मुलीचं वाक्य घेतलं : ‘काका, मने जवा देशो?’ गुजरातीतच ठेवलं, कारण रस्ता सगळ्यांचा. खाली दुसरी ओळ नाही, शाळेचं नाव नाही, देणगीदाराचंही नाही. देणगीदाराला समजावणं सगळ्यात कठीण गेलं.

फलक लावण्याआधी आम्ही वेग मोजला. क्रॉसिंगच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला २० मीटर अंतरावर खडूच्या दोन खुणा केल्या आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर गाडीला किती वेळ लागतो ते बघितलं. दोन सेकंद लागले तर वेग ताशी ३६ किलोमीटर, तीन लागले तर २४. मोजणारी मुलं कंपाउंडच्या आत उभी होती, कारण गणवेशातली मुलं वही घेऊन रस्त्यावर दिसली की गाड्या तशाही हळू होतात.

फलक लागल्यावर वेळ स्पष्ट वाढला. बरेच रिक्षावाले थांबून हात दाखवून ‘जाओ बेटा’ म्हणायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजलं तर आकडे जवळजवळ पूर्वीसारखे झाले होते. फलक तिथेच होता, स्वच्छ होता, पण रोजच्या माणसांना तो दिसेनासा झाला होता.

मग आम्ही तो काढून घडीचा केला. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास शिपाईकाका तो उघडून ठेवतात, नंतर आत नेतात. आता फलक दिसला म्हणजे मुलं आहेतच, हे गाडीवाल्यांना कळतं. वाक्य प्रत्येक सत्राला बदलतो. वेग पहिल्या आठवड्याइतका खाली नाही, पण टिकून आहे.

निवृत्त अभियंता, रावपुरा
ताई, घडीच्या फलकाचं तुम्ही अगदी बरोबर केलंत. रात्री अकरा वाजता रिकाम्या रस्त्यावर तोच फलक विनवणी करत असेल, तर त्याच्याकडे दुर्लक्ष करायची सवय आपणच लावतो.

जागेबद्दल सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी फलक अगदी क्रॉसिंगवरच लावतात आणि तिथे तो निरुपयोगी असतो. ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेक दाबायचं मनात येऊन पाय हलेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे १७ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी दहाएक मीटर लागतात, पावसात त्याहून जास्त. म्हणजे वाचून झालेलं असायला हवं ते पट्ट्यांच्या २७ मीटर आधी. म्हणून फलक ३५ ते ४० मीटर अलीकडे हवा आणि अक्षरं निदान १५ सेंटिमीटरची, मात्रा-उकार मोकळे काढलेली. वाचायला दोन सेकंद मिळतात, त्यात तीन-चार शब्दच बसतात.

घाबरवण्याबद्दल एक गोष्ट. अमेरिकेत टेक्सासमध्ये महामार्गावरच्या इलेक्ट्रॉनिक फलकांवर महिन्यातला एक आठवडा, त्या वर्षी राज्यात रस्त्यांवर किती माणसं मेली तो आकडा दाखवत. २०२२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्याचा अभ्यास आला. आकडा दिसत असलेल्या आठवड्यांत फलकापुढच्या १० किलोमीटरमध्ये अपघात साधारण साडेचार टक्क्यांनी वाढलेले दिसले. मृत्यूचा आकडा वाचून मन त्यातच अडकतं आणि समोरच्या रस्त्यावरून लक्ष उडतं, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. तो महामार्ग, आपला शाळेचा रस्ता, त्यामुळे जसंच्या तसं लागू करू नका. पण धक्का दिला की माणूस सावध होतोच, हे गृहीत धरू नये.

समा रोडची प्राची
मग थ्रीडी पट्टे का नाही? २०१६ मध्ये अहमदाबादला काढले होते. ठोकळे हवेत तरंगताहेत असं वाटतं आणि गाडी आपोआप हळू होते. घोषवाक्याची गरजच उरत नाही. नाहीतर पांढऱ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत वाक्य लिहा, तिथे नजर जातेच.

निवृत्त अभियंता, रावपुरा
प्राची, हळू होते हे पहिल्यांदा खरं आहे. पण अडथळा आहे असं भासवून ब्रेक दाबायला लावणं हाही धक्काच, आणि मागून चिकटून येणाऱ्या बाइकचं काय? तो भास एकाच कोनातून दिसतो. रोजच्या माणसाला चार दिवसांत कळतं की ठोकळे नाहीत. पट्ट्यांच्या मध्ये तर काहीच लिहू नका. अर्धा मीटर पांढरा, अर्धा मीटर काळा, हा ठसाच लांबून ओळखू येतो. मध्ये अक्षरं आली की तो पुसट होतो.

बाइकवाला, वाघोडिया रोड
मी रोज दोन शाळांसमोरून जातो. रस्त्यावर रंगवलेली मोठी अक्षरं पहिल्या पावसात घसरतात, ब्रेक मारला की मागचं चाक सरकतं. शाळांनी साधा ऑइल पेंट वापरू नये ही विनंती. आणि खरं सांगतो, डावीकडचा फलक मला दिसतच नाही, तिथे स्कूल व्हॅन उभ्या असतात.

व्हॅनवाले काका
व्हॅन उभ्या असतात, कारण आम्हाला जागा दिलेली नाही. मुलं उतरवायची कुठे? गेटपासून लांब थांबलो तर पालक ओरडतात. आधी आमच्यासाठी पट्टा आखून द्या.

मांजलपूरची आई
काका, तुमचा मुद्दा पालकसभेत मांडते. फलक व्हॅनच्या टपापेक्षा उंच ठेवला तर चालेल का?

चित्रकला शिक्षिका, कारेलीबाग
आमच्याकडे तोच प्रश्न होता. उंच केला तर घडीचा राहत नाही, वाऱ्यात पडतो. म्हणून दुभाजकावर ठेवला, उजवीकडे. तिथे काहीच उभं राहत नाही. मात्र महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला अर्ज दिल्याशिवाय काही ठेवू नका.

दांडियाबाजारचे आजोबा
माझ्या घरापुढे पूर्वी एक स्पीडब्रेकर होता, तो डांबरीकरणात गेला. घोषवाक्यं कितीही लावा, चाक उचललं गेल्याशिवाय कुणी हळू जात नाही.

निवृत्त अभियंता, रावपुरा
आजोबा, तुमच्याशी मी बराचसा सहमत आहे. क्रॉसिंगच रस्त्यापेक्षा सपाट उंच करून बांधणं हा टिकाऊ उपाय. त्याला निधी आणि वेळ लागतो, तोवर फलक.

मांजलपूरच्या ताईंना मात्र एक इशारा. तुमचे एका बाजूला दोन पदर आहेत. वाक्य वाचून एक कार थांबते, मूल निघतं, आणि त्या कारच्या आडून दुसऱ्या पदरातली बाइक सुसाट येते. तिला मूल दिसत नाही, मुलाला ती दिसत नाही. वाक्य जितकं परिणामकारक, तितका हा प्रसंग जास्त वेळा येईल. थांबण्याची रेषा पट्ट्यांपासून काही मीटर मागे घ्यायला महापालिकेला सांगा, म्हणजे दोघांमध्ये नजर जायला जागा राहते.

प्राची
मग मुलांना काय शिकवायचं? गाडी थांबली तरी जाऊ नकोस?

चित्रकला शिक्षिका, कारेलीबाग
थांबलेल्या गाडीच्या कडेपर्यंत जायचं, तिथे थांबून वाकून पुढचा पदर बघायचा, मग जायचं. मोठ्यांना जमतं. पहिली-दुसरीच्या मुलांना घाईत आठवत नाही, म्हणून आमच्याकडे शिपाईकाका स्वतः पुढे होतात.

मांजलपूरची आई
आमच्याकडे दुपारच्या पाळीला शिपाईच नाही. त्या वेळी फलक उघडावा की बंदच ठेवावा?

निवृत्त अभियंता, रावपुरा
दोन पदरांच्या रस्त्यावर माणूस नसेल तर मी उघडणार नाही. इतरांचं मत वेगळं असू शकतं.

बाइकवाला, वाघोडिया रोड
माझं वेगळं आहे. फलक नसला तर आम्ही ४० नेच जाऊ. आधी दुपारच्या पाळीचा वेग मोजा, मग ठरवा.