मदत हवी आहे: पिशवी काढून १६ दिवस झाले, पाण्यासारखं जातंय

ताईंनो, सांगलीत माझी गर्भपिशवी दुर्बिणीतून काढली. त्यानंतर ओटीपोटात ओढल्यासारखं व्हायचं, संध्याकाळी खाली जड वाटायचं. तेराव्या दिवशी पॅडवर तपकिरी डाग आणि दोऱ्याचा बारीक तुकडा दिसला. मी घाबरले, पण सिस्टर म्हणाल्या, आतले टाके विरघळताना असं होतं, थोडे डाग चार-सहा आठवडे दिसू शकतात. त्यामुळे तेवढ्याची चिंता नाही.

चिंता वेगळीच आहे. कालपासून पॅड सारखं ओलं होतंय, आणि ते पाणीच आहे, रंग नाही. शिंक आली म्हणून नव्हे, झोपलेली असतानाही. वास लघवीचा वाटतो. लघवीला जाऊन येते तरी थांबत नाही. सासूबाई म्हणतात, अंगावरून जातंय, होईल बंद. मला पटत नाही.

डॉक्टरांना फोन केला, आज दुपारीच बोलावलंय. मूत्राशयात निळं औषध घालून गळती कुठून आहे ते बघतील म्हणाले. ताप १००.४ च्या वर गेला, घाण वास आला, तासाभरात पॅड भरेल एवढं रक्त गेलं, लघवी अडली, पोटरी सुजून दुखली, धाप लागली किंवा खालून काही बाहेर आल्यासारखं झालं, तर दुपारची वाट न बघता थेट या, असंही बजावलंय.

कुणाला ऑपरेशननंतर अशी लघवीची गळती झाली होती का? लघवीची नळी किती दिवस ठेवली? तेवढ्यावर गळती थांबली की पुन्हा ऑपरेशन लागलं?